मान घासूनही काळीच राहते? साबण बाजूला ठेवा, आधी इन्सुलिनचं समजून घ्या

मानेवर मागच्या बाजूला आलेला काळा पट्टा स्वतःला कधी दिसत नाही. तो दिसतो आईला, वेणी घालणाऱ्या मावशीला, नाहीतर सलूनमधल्या कारागिराला. मग ठरलेली वाक्यं सुरू होतात. घरी, "अगं, अंघोळ करताना मान घास की नीट." सलूनमध्ये, "ब्लीच मारू का मानेला?" आणि इन्स्टाग्रामवर लिंबू, बेसन, बेकिंग सोडा लावून सात दिवसांत मान उजळवणाऱ्या रील्सची रांग.

गडहिंग्लजच्या कॉलेजातल्या मुलीपासून कोल्हापूर, पुण्यात नोकरी करणाऱ्या पोरांपर्यंत कित्येकांचा हा अनुभव आहे. दगडाने घासलं तरी पट्टा जात नाही. काखेतही तसंच होतं, त्यामुळे बिनबाह्यांचे कपडे बंद होतात. लोक मात्र समजतात की हा माणूस नीट अंघोळ करत नाही.

खरं म्हणजे मान घासायची गरजच नसते. मखमलीसारखा जाड आणि काळपट दिसणारा हा पट्टा म्हणजे कातडीतच झालेला बदल असतो, आणि त्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे रक्तात जास्त झालेलं इन्सुलिन. वैद्यकीय भाषेत त्याला 'ॲकॅन्थोसिस निग्रिकन्स' म्हणतात. नाव अवघड आहे, पण ओळखायला सोपा आहे.

इन्सुलिनचा आणि मानेचा काय संबंध?

जेवल्यावर रक्तात साखर वाढते. ती साखर स्नायूंनी आत घ्यावी आणि यकृताने स्वतःची साखर सोडणं थांबवावं, यासाठी स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. इन्सुलिन म्हणजे एक प्रकारे दारात उभं राहून मारलेली हाक. निरोगी शरीरात एका हाकेत दार उघडतं.

पोटावरची चरबी वाढली आणि ती यकृतात, स्नायूंत साठायला लागली की या हाकेला लगेच ओ मिळत नाही. यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. मग स्वादुपिंड काय करतं? आवाज चढवतं. एका हाकेच्या जागी तीन हाका मारतं, म्हणजे तिप्पट इन्सुलिन सोडतं. साखर आत जाते, काम भागतं, रिपोर्टमध्ये साखर नॉर्मल येते.

पण एवढ्या मोठ्याने हाका मारल्या की ज्याला बोलावलंच नव्हतं तो शेजारीही जागा होतो. कातडीच्या पेशींवर वाढीचा संदेश घेणारी काही कुलपं असतात. ती मुळात इन्सुलिनसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या एका वाढ-संप्रेरकासाठी असतात. इन्सुलिन खूप जास्त झालं की ते याही कुलपांत शिरतं आणि कातडीच्या पेशी गरज नसताना वाढायला लागतात. वरचा थर जाड होतो, त्याला बारीक घड्या पडतात आणि हात फिरवला तर मखमलीसारखं लागतं. काळा रंग मुख्यतः या जाड झालेल्या थरामुळे आणि घड्यांमुळे दिसतो.

मान, काख, जांघ या घडी पडणाऱ्या, घाम येणाऱ्या आणि घासल्या जाणाऱ्या जागा. तिथे हा बदल आधी दिसतो. काहींना बोटांच्या पेरांवर, कोपरावर किंवा पोटाच्या वळीवरही दिसतो. त्याच भागात बारीक लोंबणारे मस येतात, ज्यांना आपल्याकडे घोड्याचा केस बांधून पाडायचा उद्योग चालतो. तेही बऱ्याचदा याच गोष्टीचे सोबती असतात.

या कातडीची वर्णनं १८९० च्या सुमारास युरोपातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी केली होती. इन्सुलिनशी तिचं नातं मात्र १९७६ साली ठळकपणे पुढे आलं. अमेरिकेतल्या रोनाल्ड कान आणि सहकाऱ्यांनी अशी काळी कातडी आणि इन्सुलिनला अजिबात न जुमानणारं शरीर एकत्र असलेल्या रुग्णांची नोंद केली. ते रुग्ण दुर्मिळ आजाराचे होते. आज हीच खूण सर्रास दिसते, कारण त्यामागचं कारणच सर्रास झालं आहे.

"पण मी तर जाड नाही"

इथे पुण्यातली एक गोष्ट माहीत असायला हवी.

केईएम हॉस्पिटल, पुणे इथल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. बाळं सरासरी २.७ किलोची होती. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं सरासरी ३.५ किलोची. आपली बाळं लहान, त्यांचे स्नायू कमी, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र तेवढी कमी नव्हती. बारीक दिसणारं पण आतून चरबी राखून असलेलं बाळ, असं ते चित्र होतं.

पुढे २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये डॉ. याज्ञिक यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाटा दोघांबद्दल एकच सांगत होता, आतली गोष्ट वेगळी होती.

म्हणून भारतीयांसाठी मोजपट्टी कडक ठेवली आहे. बीएमआय २३ च्या वर गेला की जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. त्याहून सोपी गोष्ट म्हणजे कमरेचा घेर. पुरुषांचा ९० सेंटीमीटर आणि बायकांचा ८० सेंटीमीटर ओलांडला की लक्ष द्यायचं. हा घेर पँटच्या मापावरून ठरवायचा नाही. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता मोजायचा. हातपाय काडीसारखे, पोट पुढे आणि मानेवर पट्टा, असं असेल तर "मी जाड नाही" यावर विसंबून राहता येत नाही.

साखर नॉर्मल आली, मग विषय संपला?

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. एक उदाहरण घेऊन आकड्यांतून बघू.

समजा, गडहिंग्लजची १९ वर्षांची एक मुलगी आहे. उंची १५२ सेंटीमीटर, वजन ६२ किलो, म्हणजे बीएमआय २६.८. कमरेचा घेर ८६ सेंटीमीटर. दोन वर्षांपासून मान आणि काख काळी. पाळी कधी ४० दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी. वडिलांना मधुमेह. घरच्या ग्लुकोमीटरवर सकाळी उपाशीपोटी साखर बघितली तर ९६. शंभरच्या आत, म्हणजे नॉर्मल. घरचे म्हणतात, काही नाही, उन्हाने काळी झाली असेल.

आता तिने लॅबमध्ये उपाशीपोटी साखरेसोबत इन्सुलिनही तपासलं, तर साखर ९६ आणि इन्सुलिन २२ आलं. या दोन आकड्यांचा गुणाकार करून ४०५ ने भागलं की 'होमा' नावाचा अंदाज मिळतो. ९६ गुणिले २२ म्हणजे २११२, भागिले ४०५ म्हणजे साधारण ५.२. बरेच डॉक्टर २.५ च्या वरचा आकडा इन्सुलिन रेझिस्टन्सकडे बोट दाखवणारा मानतात. साखर ९६ वर ठेवायला तिच्या स्वादुपिंडाला किती राबावं लागतंय, ते या आकड्यात दिसलं.

मग डॉक्टरांनी तिला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजून दोन तासांनी साखर बघितली. ती १५२ आली. १४० च्या आत असेल तर नॉर्मल, १४० ते १९९ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, २०० किंवा जास्त म्हणजे मधुमेह. उपाशीपोटीच्या तपासणीत जे सापडलं नव्हतं, ते ग्लुकोज प्यायल्यावर सापडलं.

मानेची किंमत इथे कळते. साखर वाढायच्या कित्येक वर्षं आधी इन्सुलिन वाढलेलं असतं आणि त्या काळात बाहेरून दिसणारं फारसं काही नसतं. शिवाय सरकारी आरोग्य केंद्रांतली मधुमेह आणि रक्तदाबाची सरसकट तपासणी ३० वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी असते. १९ वर्षांच्या मुलीला कोणी स्वतःहून बोलावणार नाही. तिला तपासणीपर्यंत नेणारी गोष्ट बऱ्याचदा ही मानच असते.

कोणती तपासणी करायची, कोणती नाही

इन्सुलिनची तपासणी प्रत्येकाने करायलाच हवी असं नाही. लॅबनुसार तिचे आकडे बदलतात, सगळीकडे मान्य अशी एकच रेषा नाही, आणि पैसेही जास्त लागतात. मानेवर स्पष्ट पट्टा आणि वाढलेला घेर दिसला तर अनुभवी डॉक्टर ती न करताच अंदाज बांधतात. करायच्या गोष्टी म्हणजे उपाशीपोटी साखर, ग्लुकोज पिऊन दोन तासांची साखर किंवा एचबीए१सी, कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड, रक्तदाब. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील तर पीसीओएसच्या दृष्टीने तपासणी. थायरॉइड मंद असल्यावरही असा पट्टा येऊ शकतो, म्हणून गरजेप्रमाणे तेही बघतात. यातल्या साध्या तपासण्यांची सुरुवात गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणीही करता येते.

एचबीए१सी म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी. ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा, ६.५ पासून मधुमेह. पण हा आकडा रक्तातल्या हिमोग्लोबिनवरून निघतो. आपल्याकडे मुली आणि बायकांत लोहाची कमतरता भरपूर असते आणि त्यात हा आकडा खोटा वाढलेला दिसू शकतो. म्हणून हिमोग्लोबिन कमी असेल तर नुसत्या एचबीए१सीवर भरवसा न ठेवता प्रत्यक्ष साखर तपासलेली बरी.

हा तोच पट्टा आहे, की दुसरं काही?

प्रत्येक काळी मान इन्सुलिनमुळेच असते असं नाही. ओळखायला तीन गोष्टी बघायच्या. दोन्ही बाजूंना सारखा आहे का, हाताला जाड आणि मखमली लागतो का, आणि कडा धूसर आहेत का. तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तर शंका पक्की होते.

खोट्या दागिन्यांची चेन, मंगळसूत्राचे मणी, डिओ किंवा केसांचा रंग यांच्या ॲलर्जीने जो काळेपणा येतो तो जिथे वस्तू लागते तिथेच असतो, आधी खाज किंवा आग होते आणि कातडी मखमली लागत नाही. काखेत किंवा जांघेत गोल, लालसर कडा असलेला आणि खूप खाजणारा डाग असेल तर ते गजकर्ण असण्याची शक्यता जास्त. आणखी एक गमतीचा प्रकार आहे. काही मुलांच्या मानेवर मळासारखा तपकिरी थर असतो, साबणाने जात नाही, पण डॉक्टरांनी स्पिरिटचा बोळा फिरवला की साफ निघतो. इन्सुलिनचा पट्टा स्पिरिटनेही निघत नाही.

पट्टा किती पसरलाय हे मोजायची एक पद्धत टेक्सासमधल्या संशोधकांनी १९९९ साली मांडली. फक्त जवळून दिसला तर पहिली पायरी. डोक्याच्या खाली मानेच्या मधल्या भागापुरता असेल तर दुसरी. मानेच्या दोन्ही कडांपर्यंत गेला तर तिसरी. समोरून बघितल्यावरही दिसायला लागला तर चौथी. घरी कोणाला तरी महिन्यातून एकदा, त्याच उजेडात फोटो काढायला सांगितला तर फरक पडतोय का ते कळतं.

एक गोष्ट मात्र वेगळी धरायची. चाळिशीनंतर, वजन उतरत असताना, काही आठवड्यांत हा काळेपणा झपाट्याने पसरला, ओठ, तोंडाचा आतला भाग किंवा तळहात जाड आणि खरखरीत झाले, तर वाट बघायची नाही. क्वचित वेळा जठराच्या कॅन्सरसारख्या आजारातही अशी कातडी होते. हे दुर्मिळ आहे आणि कॉलेजच्या मुलांनी याची धास्ती घ्यायचं कारण नाही, पण त्या वयात त्या वेगाने झालं तर लगेच डॉक्टर गाठायचा.

मग हा जातो कसा?

आधी काय करायचं नाही ते. दगड, स्क्रब, लिंबू, बेकिंग सोडा याने कातडी सोलवटते, आग होते आणि आपल्या रंगाच्या कातडीवर त्या जखमेचा वेगळा काळा डाग राहतो. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणारी गोरं करणारी मिश्र क्रीम त्याहून वाईट. त्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. पहिले काही दिवस मान उजळते, मग कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसतात, काखेत तर पांढरे वळ उठतात.

आवाज चढवलेल्या स्वादुपिंडाला हळू बोलता आलं पाहिजे, हा खरा उपाय. त्यासाठी यकृतातली आणि पोटातली चरबी उतरावी लागते. वजनाच्या ५ ते १० टक्के घट झाली तरी फरक दिसायला लागतो. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांपैकी ज्यांनी आहार बदलला आणि रोज चालणं ठेवलं, त्यांच्यात तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी राहिलं. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतही जवळपास तेवढाच फायदा दिसला.

वरच्या उदाहरणातल्या मुलीकडे परत येऊ. तिने दिवसातला चार वेळचा साखरेचा चहा एकावर आणला. उसाचा रस आणि कोल्ड्रिंक बंद केलं. ताटातला भात अर्धा करून ती जागा उसळ, भाजी आणि काकडीला दिली. रात्रीचं जेवण लवकर घेतलं. रोज पाऊण तास झपाझप चालणं आणि आठवड्यातून तीन दिवस बैठका, जोर असे स्नायूंचे व्यायाम केले, कारण रक्तातली साखर सगळ्यात जास्त खर्च करणारं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. सहा महिन्यांनी समजा वजन ५८ झालं आणि घेर ८१. उपाशीपोटी साखर ९०, इन्सुलिन १३. होमा निघाला २.९. दोन तासांची साखर १२८. चार किलो गेले आणि ती उंबरठ्यावरून मागे आली.

मान अजून पूर्ण साफ नसेल. आधी जाडी कमी होते, मखमली स्पर्श जातो, मग महिन्यांनी रंग फिका होतो. काहींना थोडा सावळेपणा राहतोही. हा क्रम माहीत नसला की लोक दुसऱ्या महिन्यात निराश होऊन पुन्हा क्रीमकडे वळतात. तोपर्यंत त्वचारोगतज्ज्ञ युरिया, सॅलिसिलिक ॲसिड किंवा ट्रेटिनॉइनची क्रीम देऊ शकतात, त्याने वरचा थर मऊ होतो. ट्रेटिनॉइन गरोदरपणात चालत नाही. मेटफॉर्मिन कोणाला द्यायचं हेही डॉक्टरच ठरवतात, मैत्रिणीला चालली म्हणून गोळी सुरू करायची नसते. आणि नुसत्या क्रीमने मान उजळली तरी आतलं इन्सुलिन जिथे होतं तिथेच राहतं.

तेव्हा घरात कोणाच्या मानेवर असा पट्टा दिसला तर "घास नीट" म्हणायच्या आधी टेप घेऊन त्याचा कमरेचा घेर मोजा, घरात कोणाला मधुमेह आहे का ते आठवा आणि एकदा उपाशीपोटी लॅबमध्ये घेऊन जा. उपाशीपोटीचा आकडा नॉर्मल आला, तर डॉक्टरांना दोन तासांच्या तपासणीबद्दल विचारूनच घरी या.